नाइट ऑफ कप्स ओढ्याच्या अलीकडेच थांबलाय का?

ताई,

मी नाशिकला नोकरी करते, तो पुण्यात असतो. वर्षभर आम्ही एकत्र आहोत. मध्यरात्री केक, ऑफिसात फुलं, हाताने लिहिलेली पत्रं, असं करणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ‘येतो’ म्हणाला आणि आला नाही. दुसऱ्या दिवशी मोठा बुके आणि माझ्यासाठी चांदीची पैंजणं घेऊन हजर! घरी येऊन आईबाबांशी बोलतो असं आधी गणपतीत म्हणाला, मग दिवाळीत, आता पाडव्याला म्हणतो. मी टॅरो शिकतेय. ‘तो खरा आहे का?’ असं विचारून तीन कार्डं काढली. सिक्स ऑफ कप्स, नाइट ऑफ कप्स, सेव्हन ऑफ कप्स, तिन्ही सरळ. मैत्रीण म्हणाली, नाइट ऑफ कप्स म्हणजे स्वप्नातला राजकुमार. एका व्हिडिओत ऐकलं, हे कार्ड म्हणजे गोडबोल्या, लांब राहा. घाबरून परत काढली तर नाइट उलटा आला. आता काय समजू?

— आर., नाशिक

प्रिय आर.,

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. तुझ्या पहिल्या तीन कार्डांत मला लबाडी दिसत नाही. फुलं पाठवताना, पत्र लिहिताना त्याला जे वाटतं ते त्या घटकेला खरंच वाटत असावं, असंच ही कार्डं सांगतात. पण तो तुझ्या दिशेने निघालाय की स्वतःच्या मनातल्या एका सुंदर चित्राच्या दिशेने, हा प्रश्न तिथे उघडाच राहिलाय आणि कार्डांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. हे तपासायची सोय तुझ्या हातात आहे, तिच्याकडे शेवटी येते. आधी कार्ड नीट पाहू. मैत्रिणीने आणि त्या व्हिडिओने ते घाईत पाहिलंय.

रायडर-वेट डेक समोर घे. तुझ्याकडे दुसरा डेक असला तरी बहुतेक नव्या डेकांतली चित्रं १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या या डेकवरूनच बेतलेली असतात. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. नाइट ऑफ कप्समध्ये चिलखत घातलेला एक तरुण घोड्यावर बसलाय. त्याच्या हातात उपसलेलं शस्त्र नाही, उजव्या हाताने त्याने एक प्याला पुढे धरलाय. शिरस्त्राणाला पंख आहेत, टाचांनाही पंख आहेत. चिलखतावरच्या अंगरख्यावर मासे आणि पाण्याच्या लाटा आहेत. घोडा पांढरट, मान खाली झुकवलेला, एक पाय उचललेला. आणि समोर एक ओढा आहे. घोडा अजून त्यात उतरलेला नाही.

या कार्डात मी सगळ्यात आधी घोडा पाहते. डेकमध्ये चार सूट, म्हणजे चार गट असतात, प्रत्येकाचा एक नाइट. ते चार नाइट एकाशेजारी एक मांडून बघ. वाँड्सचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिलाय, स्वोर्ड्सचा भरधाव सुटलाय, पेंटॅकल्सचा नांगरलेल्या शेतापुढे खिळल्यासारखा थांबलाय. कप्सचा घोडा तेवढा डौलात, पाऊल मोजत चालतो. म्हणजे हा माणूस घाई करून तुला गाठणार नाही आणि ठाण मांडून बसणारही नाही. तो येत असतो. ‘येत असणं’ ही त्याची कायमची अवस्था होऊ शकते, आणि या कार्डातली खरी अडचण तिथेच आहे. तुझ्या पत्रातले गणपती, दिवाळी, पाडवा हे तीन मुहूर्त वाचल्यावर मला तो उचललेला पायच दिसला.

दुसरी गोष्ट प्याल्याची. कप्समधली चारही माणसं प्याला कशी धरतात ते पाहिलं की नाइटचं वेगळेपण कळतं. पेजच्या प्याल्यातून मासा डोकं बाहेर काढून त्याच्याकडे बघतो, आत काय आहे ते आपल्याला दिसतं. क्वीनचा प्याला झाकलेला आणि नक्षीदार आहे, ती त्याच्याकडे टक लावून बसली आहे. किंग भर समुद्रात सिंहासनावर बसलाय, प्याला हातात आहे, पण नजर दुसरीकडे. त्याला तो मिरवावा लागत नाही. नाइटचा प्याला उघडा आहे, पुढे केलेला आहे, आणि तरी आत काय आहे ते चित्रात दिसत नाही. मी हे असं वाचते: देण्याची कृती डोळ्यांसमोर आहे, दिलेली वस्तू अजून कळलेली नाही. प्याला भरलेला आहे की रिकामा, हे हे एकटं कार्ड सांगूच शकत नाही. म्हणून ‘नाइट ऑफ कप्स आला, म्हणजे तो असा’ असं बोलणारा कुणीही, तो गोड बोलो की भीती घालो, कार्डाला नसलेलं तोंड देतोय.

वेट यांनी सरळ नाइटचे जे अर्थ दिलेत ते सगळे जवळ येण्याचे आहेत: आगमन, निरोप्याचं येणं, पुढाकार, प्रस्ताव, आमंत्रण, वागण्याची ढब. त्यांत लग्न नाही, निष्ठा नाही, टिकणं नाही. मैत्रिणीने राजकुमार पाहिला तो इथे जादा पाहिला. उलट्या कार्डाखाली मात्र त्यांनी लबाडी, कावा, दुटप्पीपणा, फसवणूक हे शब्द लिहिलेत. त्या व्हिडिओने उलट्याचा अर्थ उचलून सरळ कार्डावर लावला. हा फार होणारा घोटाळा आहे आणि त्यामुळे अनेक मुली चांगल्या माणसांबद्दल विनाकारण धास्तावतात. वेट यांनी याच नाइटबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती तुझ्या कामाची आहे. तो स्वप्नाळू आहे, पण त्याच्या स्वप्नांत इंद्रियांना सुखावणाऱ्या प्रतिमा घोटाळत असतात. केक, फुलं, पैंजणं, सुंदर अक्षरातली पत्रं: बघ, हे सगळं दिसणारं, वासाचं, नादाचं आहे. त्यात वाईट काही नाही. प्रेमाने हे रूप घेतलं तर कुणाला नको असतं? फक्त या माणसाचं प्रेम कुठे फुलतं आणि कुठे आटतं, याची खूण यात आहे.

आता तुझी तीन कार्डं. रायडर-वेट डेकमध्ये सरळ ठेवलेला नाइट ऑफ कप्स उजवीकडे तोंड करून चालतो. त्यामुळे ओळीत त्याच्या डावीकडचं कार्ड त्याच्या पाठीमागचं, जिथून तो आला ते, आणि उजवीकडचं कार्ड त्याच्या समोरचं, जिकडे तो चाललाय ते. कोर्ट कार्ड, म्हणजे पेज, नाइट, क्वीन किंवा किंग, आलं की ते कुणाकडे बघतंय हे पाहायची सवय लाव, निम्मं वाचन तिथे होतं.

त्याच्या मागे सिक्स ऑफ कप्स आहे. जुन्या वाड्याच्या अंगणात एक मोठा मुलगा छोट्या मुलीला फुलांनी भरलेला प्याला देतोय. लोक याचा अर्थ ‘गोड आठवणी’ एवढाच घेतात. चित्रात मागे, डाव्या बाजूला एक बारीकशी आकृती आहे, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हातात भाला घेतलेला एक पहारेकरी पाठ फिरवून निघून चाललाय. पुढे मुलं फुलं देताघेतायत आणि राखण करणारा मोठा माणूस चित्रातून बाहेर पडतोय. तुझ्या प्रश्नाला हे कार्ड मला फार बोलकं वाटलं. हा माणूस देतो ते मनापासून, लहान मूल देतं तसं देतो. समोरच्याचा चेहरा उजळलेला बघणं हेच त्याचं सुख. बहुधा त्याच्या लहानपणी प्रेम असंच व्यक्त होत असेल, भेटवस्तूंतून, वाढदिवसांतून. पण पहाऱ्यावर उभं राहणं, म्हणजे दवाखान्याच्या बाकड्यावर चार तास बसणं, हे प्रेमाचंच काम आहे ही समज त्याच्या देण्यात अजून आलेली नाही. ऑपरेशनच्या दिवशी पहारेकरी गेला, दुसऱ्या दिवशी फुलं आली.

त्याच्या समोर सेव्हन ऑफ कप्स आहे. पाठमोरी काळी आकृती, समोर ढगांत तरंगणारे सात प्याले. एकात किल्ला, एकात दागिने, एकात विजयाची माळ, एकात साप, एकात अजस्र प्राणी, एकात मस्तक, आणि मधल्यात झाकलेली, तेजाने वेढलेली एक व्यक्ती. एकाही प्याल्याला त्या आकृतीचा हात लागलेला नाही. हे कार्ड ‘भ्रम’ म्हणून पाठ करू नकोस, तुझ्या प्रश्नात ते जास्त नेमकं बोलतं. सात शक्यता समोर असल्या की एक निवडणं म्हणजे सहा सोडणं. तुझ्या घरी येऊन बोलायचं म्हणजे ढगातून एक प्याला खाली उतरवून टेबलावर ठेवायचा. मग तो साधा प्याला होणार, त्यात बाबांचे प्रश्न असणार, पुणे की नाशिक हे असणार, घराचा हप्ता असणार. तो मुहूर्त पुढे ढकलतो त्यामागे दुसरी कुणी असेलच असं नाही. ते चित्र ढगात असेपर्यंतच सुंदर राहतं, हेही कारण पुरतं.

आणि एक गोष्ट, जी तुझ्या नजरेतून सुटली. तिन्ही कार्डं कप्सची आहेत. वाँड्स नाही, स्वोर्ड्स नाही, पेंटॅकल्स नाही, चार सूटांबाहेरच्या मेजर आर्काना या मोठ्या कार्डांतलं एकही नाही. तीनपैकी तीन एकाच सूटची आली की जे आलंय त्यापेक्षा जे आलेलं नाही ते आधी बघावं. इथे भावनेला तोटा नाही. पण पेंटॅकल्स, म्हणजे वेळ, पैसा, शरीराने हजर असणं, रोजचं काम, याचा एक पत्ताही नाही. स्वोर्ड्स, म्हणजे स्पष्ट बोलणं, तेही नाही. तू त्याला दवाखान्यात न येण्याबद्दल सरळ विचारलंस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. पैंजणं आली आणि विषय संपला असंच झालं असावं. तसं असेल तर स्वोर्ड्सची उणीव दोघांची आहे.

शेजारचं कार्ड बदललं की याच नाइटचा अर्थ किती बदलतो, हे कळावं म्हणून दोन वेगळे पत्ते सांगते. समज, त्याच्या समोर सेव्हन ऑफ कप्सऐवजी एट ऑफ पेंटॅकल्स असता. त्यात एक कारागीर बाकावर बसून एकामागून एक नाणी घडवतोय, झालेली खांबावर टांगलीत, गाव लांब मागे राहिलंय. कुणी बघायला नाही, टाळ्या नाहीत, तरी हात चालू आहे. तेव्हा मी तुला म्हटलं असतं, फुलांवर विश्वास ठेव, हा माणूस ओढा ओलांडून कामाला लागणारा आहे, त्याला थोडा वेळ दे. आणि समज तिथे सेव्हन ऑफ स्वोर्ड्स असता. तंबूंच्या छावणीतून पाच तलवारी कवटाळून, चवड्यांवर, मागे वळून बघत सटकणारा माणूस. दोन तलवारी मागेच राहिल्यात. त्या वेळी मी गोडव्याकडे झाकण म्हणून पाहिलं असतं आणि तो काय सांगत नाही ते शोधायला सांगितलं असतं. तुझ्या ओळीत हे दोन्ही नाहीत. म्हणून मी ना निर्धास्त करतेय ना घाबरवतेय.

दुसऱ्यांदा काढलेला उलटा नाइट बाजूला ठेव. त्याच प्रश्नावर, त्याच बसणीत, घाबरून परत काढलेलं कार्ड मी वाचत नाही. पहिल्या वेळी प्रश्न त्याच्याबद्दल होता. दुसऱ्या वेळी हात थरथरत होता आणि प्रश्न तुझ्या भीतीबद्दलचा झाला होता. शिवाय उलटी कार्डं वाचायची की नाही हे पिसण्याआधी ठरवायचं असतं. ठरवलं नसेल तर उलटं आलेलं कार्ड केवळ पिसताना फिरलं इतकंच. एरवी पहिल्याच वेळी नाइट उलटा आला असता तरी ‘फसवणूक’ या शब्दावर मी उडी मारली नसती. उलट्या नाइटची सौम्य बाजूही आहे: प्याला कलंडलाय, दिलेला शब्द सांडलाय, माणूस रुसून बसलाय, किंवा जे वाटतंय ते बोलायला घाबरतोय. फसवणुकीचा अर्थ घ्यायला शेजारी आणखी एखादं साक्षीचं कार्ड हवं, सेव्हन ऑफ स्वोर्ड्स किंवा द डेव्हिल, आणि प्रत्यक्ष वागण्यातही काही तरी दिसायला हवं.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. ‘तो खरा आहे का?’ हा प्रश्न टॅरोला विचारण्यातच अडचण आहे. एक तर त्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं आणि नाइटकडे तसं उत्तर नाही. दुसरं म्हणजे कोर्ट कार्ड नेहमी समोरचा माणूसच असतं असं नाही. ते एखादी घटना असतं, जसं येऊ घातलेला प्रस्ताव. ते एक वृत्ती असतं. आणि कित्येकदा ते प्रश्न विचारणारीच असतं. तुझ्या ओळीतला नाइट तूच आहेस असं धरून एकदा वाच. मागे फुलं देणाऱ्या मुलाचं अंगण, समोर ढगातले सात प्याले, आणि मधे प्याला हातात धरून तू, वर्षभर सावकाश चाललेली. त्याच्या पत्रांवरून तूही एक चित्र रंगवलं असशील आणि ते मोडू नये म्हणून दवाखान्याचा विषय काढला नसशील. हे वाचन बरोबरच असेल असं म्हणत नाही, पण ते न करता पुढे जाऊ नकोस. अंगावर आलं तर त्यात तथ्य आहे असं समज.

पुन्हा कार्डं काढायची झाली तर दोन-तीन आठवडे जाऊ दे आणि मग अशी मांड. नाइट ऑफ कप्स डेकमधून मुद्दाम वेगळा काढ आणि मधे सरळ ठेव. तो नशिबाने आलेला नाही, तू त्याला बसवलंयस, त्यामुळे तो आला की नाही ही धाकधूकच संपते. उरलेली सत्त्याहत्तर कार्डं पीस. उलटी वाचणार नसशील तर आधीच सगळी सरळ लावून घे. मग प्रश्न असा ठेव: ‘तो माझ्यासाठी जे करतो त्यामागे काय आहे आणि त्यातून पुढे काय येतंय?’ एक कार्ड नाइटच्या डावीकडे ठेव, हे देणं कुठून येतं त्यासाठी. एक उजवीकडे, ते कुठे पोचतं त्यासाठी. एक खाली, घोड्याच्या पायाखाली, रोजच्या आयुष्यात याला आधार काय आहे त्यासाठी. आणि एक थोडं लांब, तुझ्यासाठी: हा प्याला पुढे आला की मी काय करते?

चारांत खालचं कार्ड सगळ्यात महत्त्वाचं. डावं-उजवं कितीही सुंदर आलं आणि खाली फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स आला, बर्फात उघड्यावर चालणारी ती दोन माणसं, तर समजायचं की अडचणीच्या दिवशी इथे निवारा नाही. उलट डावं-उजवं साधंच असेल आणि खाली नाइट ऑफ पेंटॅकल्स असेल, तो खिळून उभा असलेला घोडा, तर देखावा कमी झाला तरी जमीन पक्की आहे. लांबच्या कार्डाकडे शेवटी बघ, आणि त्याच्यावरून स्वतःला दोष देत बसू नकोस, ते सवय दाखवतं. जे वाचलंस ते तारखेसह वहीत लिही, आणि त्याच्याखाली एक असं वाक्य लिही की जे महिन्याभरात खरं किंवा खोटं ठरेल. ‘आमचं नातं गहिरं आहे’ असं वाक्य चालणार नाही. ‘तो बाबांच्या तपासणीला येईल’ हे चालेल. कार्डांचं वाचन असं वस्तुस्थितीला बांधून ठेवलं नाही तर ते हव्या त्या बाजूला वळवता येतं, आणि प्रेमात असलेला माणूस ते हमखास वळवतो.

या तपासणीवरूनच पुढचं सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी डॉक्टर डोळा पुन्हा बघतात, चष्म्याचा नंबर काढतात. ती तारीख तुझ्या घरी फाइलवर लिहिलेली असेल. त्याला फोन करून इतकंच सांग: ‘अमुक तारखेला सकाळी दहाला बाबांना दाखवायचंय. तू आलास तर बरं होईल. काही आणू नकोस, फक्त ये.’ रागाने नाही, परीक्षा घेतल्यासारखं तर मुळीच नाही. तुला खरंच तो तिथे हवा आहे, म्हणून सांग. शेवटचं ‘काही आणू नकोस’ मुद्दाम आहे. या माणसाच्या हातून प्याला काढून घेतला की तो कसा येतो, हे त्याने कळेल.

उत्तर आल्यावर काय बघायचं? आला तर उत्तमच, पण एकदा आल्यावर हुरळू नकोस, दुसऱ्या साध्या कामालाही येतो का बघ. यायला जमणार नाही म्हणून आधी स्वतःहून फोन केला, कारण सांगितलं आणि दुसरा दिवस सुचवला, तर तेही मी चांगल्या बाजूला धरेन. पुणे-नाशिक हा काही शेजारचा रस्ता नाही, नोकरी सगळ्यांना असते. ‘हो हो, येतोच’ म्हणाला, आला नाही आणि संध्याकाळी बुके आला, तर ओळीतलं तिसरं कार्ड तुझ्या दारात उभं आहे असं समज. पण सगळ्यात जास्त सांगून जाईल ती वेगळीच गोष्ट. ‘मी तुझ्यासाठी एवढं करतो आणि तुला दवाखाना दिसतो’ असं तो म्हणाला, फुगला, तुलाच कृतघ्न ठरवू लागला, तर ते देणं तुझ्यासाठी नव्हतं. ते तुझ्याकडून काही वसूल करण्यासाठी होतं. मनापासून देणाऱ्याला ‘मला हे नको, ते हवंय’ असं सांगितलं तर तो गोंधळेल, थोडा हिरमुसेल, पण ऐकून घेईल. निव्वळ मोहिनी घालणाऱ्याला ते ऐकवतच नाही, कारण काय द्यायचं हे ठरवण्याचा मान त्याला स्वतःकडे हवा असतो.

पैंजणांबद्दल एक विचारते. ऑपरेशन बाबांचं होतं, शब्द दवाखान्यात यायचा दिला होता, आणि भेट आली ती तुझ्यासाठी. बुके घेऊन आला तेव्हा त्याने बाबांच्या डोळ्याची चौकशी केली का? पट्टी कधी निघणार, दिसतंय कसं, औषध कोण घालतं, यातलं काहीही? विचारलं असेल तर माझ्या वरच्या वाचनाला थोडं मऊ कर. न येण्याची बोच त्याला होती आणि ती व्यक्त करायला त्याच्याजवळ वस्तूच होत्या, असं म्हणता येईल. विचारलंच नसेल तर त्याला तुझी नाराजी पुसायची होती, बाबा त्या चित्रात नव्हतेच. हा फरक कुठलंही कार्ड तुला इतका स्वच्छ दाखवणार नाही.

काही बाबतींत डेक उघडूच नकोस. त्याने मोठी रक्कम मागितली असेल, तुझ्या नावावर कर्ज काढायला सांगितलं असेल, फोनचे पासवर्ड मागत असेल, मैत्रिणींना भेटणं त्याला खुपत असेल, किंवा त्याचं लग्न झालंय अशी शंका असेल, तर ती चौकशी माणसांकडे करायची, कागदांवर करायची, घरच्यांना सांगून करायची. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे टॅरोला कळत नाही. तुला दिसलेलं आणि तू नजरेआड केलेलं ते समोर मांडतं, इतकीच त्याची ताकद आणि इतकीच त्याची मर्यादा. तुझ्या पत्रात यातलं काही नाही याचा मला आनंद आहे, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरात असू शकतं.

मैत्रिणीला तिचा राजकुमार राहू दे, तिच्याशी वाद घालू नकोस. आईला मात्र त्याच्याबद्दल आत्ताच सांग. पाडव्याची वाट बघू नकोस. तो घरी येऊन काय बोलायचं ते बोलेल, पण तुझ्या आयुष्यात कुणी आहे ही बातमी तुझ्या तोंडून घरी जायला त्याच्या मुहूर्ताची गरज नाही. आणि तपासणी होईपर्यंत डेक कपाटात ठेव. तो आला तर चार कार्डांची मांडणी कर, मला वाचायला आवडेल, मांडणीचा फोटो पाठव. नाही आला, फोनही केला नाही, तर मांडणी करू नकोस. त्याच संध्याकाळी त्याला विचार, ‘आला का नाहीस?’, आणि तो बोलेल ते शेवटपर्यंत ऐक.

तुझी,
ताई